कोणाला कधी फोन करायचा: संपर्कांची नोंदवही स्प्रेडशीटवर

विमा प्रतिनिधीला ओळखीच्या प्रत्येक माणसाची दोन प्रकारची माहिती लागते. नाव, फोन, जन्मतारीख ही सहसा बदलत नाही. त्या माणसाशी कधी काय बोलणं झालं, ही माहिती मात्र दर भेटीला वाढत जाते. संपर्कांची स्प्रेडशीट बहुतेक वेळा बिघडते ती या दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यात कोंबल्यामुळे. ‘शेवटचा फोन’ असा एक रकाना केला की नवी तारीख लिहिताना जुनी पुसावी लागते आणि मागचं बोलणं कायमचं जातं. ‘फोन १’, ‘फोन २’ असे रकाने वाढवत नेले, तर वर्षभरात तक्ता उजवीकडे इतका पसरतो की तो वाचणं अशक्य होतं.

म्हणून एकाच फाइलमध्ये दोन पानं करावीत. पुढची मांडणी गूगल शीट्ससाठी आहे. पहिल्या पानाचं नाव ‘व्यक्ती’. त्यात माणसागणिक एकच ओळ असते आणि रकाने असे येतात: A क्रमांक, B नाव, C फोन, D जन्मतारीख, E किती दिवसांनी बोलायचं, F शेवटचं बोलणं, G पुढचा संपर्क, H पुढचा वाढदिवस. दुसऱ्या पानाचं नाव ‘नोंदी’. प्रत्येक फोन झाला की तिथे एक नवी ओळ भरायची: A तारीख, B त्या माणसाचा क्रमांक, C काय बोलणं झालं, D पुढची तारीख ठरली असल्यास ती. नावाऐवजी क्रमांक वापरायचा, कारण एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं सहज भेटतात आणि नाव लिहिण्यात एक वेलांटी चुकली तरी सूत्राला तो वेगळाच माणूस वाटतो.

या रचनेचा मुद्दा एवढाच की बोलण्याची तारीख हाताने एकदाच, ‘नोंदी’मध्ये लिहायची. ‘व्यक्ती’ पानावरचे शेवटचे तीन रकाने सूत्रांनी आपोआप भरतात. दुसऱ्या ओळीत F, G आणि H मध्ये अनुक्रमे ही सूत्रं टाकून ती खाली ओढावीत:

```
=IF(COUNTIF('नोंदी'!B:B,A2)=0,"",MAXIFS('नोंदी'!A:A,'नोंदी'!B:B,A2))
=IF(F2="","",IF(MAXIFS('नोंदी'!D:D,'नोंदी'!B:B,A2)>F2,MAXIFS('नोंदी'!D:D,'नोंदी'!B:B,A2),F2+E2))
=IF(D2="","",EDATE(D2,12*(DATEDIF(D2,TODAY()-1,"Y")+1)))
```

पहिलं सूत्र त्या क्रमांकाच्या नोंदींतली सर्वांत अलीकडची तारीख शोधतं. दुसरं आधी पाहतं की शेवटच्या बोलण्यानंतरची एखादी तारीख ठरली आहे का. असेल तर ती घेतं, नसेल तर शेवटच्या बोलण्यात ठरावीक दिवस मिळवतं. तिसरं येणारा वाढदिवस काढतं, आणि वाढदिवस आजच असेल तर आजचीच तारीख दाखवतं. या रकान्यांत तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर सूत्र चुकलेलं नसतं; रकाना निवडून `Format > Number > Date` केलं की तारीख दिसते.

समजा, क्रमांक १४ च्या गृहस्थांशी ६ जून २०२५ रोजी बोलणं झालं आणि त्यांचं अंतर ९० दिवसांचं आहे. एरवी पुढचा संपर्क ४ सप्टेंबरला आला असता. पण ते म्हणाले, “मुलीची अ‍ॅडमिशन होऊ द्या, वीस जुलैनंतर बघू.” ही तारीख नोंदीच्या D मध्ये लिहिताच G मध्ये २० जुलै दिसू लागतं. फोन दोन दिवस उशिरा, २२ जुलैला झाला आणि त्याची नोंद केली की ठरलेली तारीख मागे पडते आणि G आपोआप २० ऑक्टोबरवर जातं. एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. ते गृहस्थ १० जुलैलाच भेटले आणि काम तेव्हाच उरकलं, तर २० जुलै ही तारीख हाताने पुसायला हवी. नाहीतर सूत्र तिलाच धरून बसतं.

रोज उघडायचं पान तिसरंच असावं, ‘आज’ नावाचं. त्यात एकच सूत्र पुरतं. आजपर्यंत ज्यांना फोन करायला हवा होता, ते सगळे त्यात येतात आणि सर्वांत जुनं राहिलेलं नाव वर दिसतं:

```
=IFERROR(SORT(FILTER('व्यक्ती'!A2:H,'व्यक्ती'!G2:G<>"",'व्यक्ती'!G2:G<=TODAY()),7,TRUE),"आज कोणी नाही")
```

याच सूत्रात G च्या जागी H, `TODAY()` च्या जागी `TODAY()+7` आणि 7 च्या जागी 8 केलं की आठवड्यातले वाढदिवस मिळतात. ते वेगळ्या पानावर ठेवावेत, म्हणजे याद्या एकमेकींवर चढत नाहीत. स्प्रेडशीट गजर वाजवत नाही, त्यामुळे ही पानं सकाळी उघडण्याची सवय लागते. चुकवून चालणारच नाही अशी तारीख फोनच्या कॅलेंडरमध्येही टाकणं शहाणपणाचं.

सर्वांत जास्त घोळ तारखा घालतात. फाइल अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/08/2025 म्हणजे पाच ऑगस्ट नव्हे, आठ मे होते, आणि 25/08/2025 ही तारीख न राहता नुसता मजकूर होते. दुसरी चूक लगेच ओळखता येते, कारण खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे राहतो. पहिली चूक मात्र गुपचूप बसून राहते. म्हणून एकही तारीख भरण्याआधी `File > Settings` मध्ये `Locale` ला `India` करावं. नंतर केलं तर आधी चुकीच्या वाचलेल्या तारखा दुरुस्त होत नाहीत. फोनच्या रकान्यालाही `Format > Number > Plain text` लावावं, नाहीतर नाशिकच्या 0253 मधलं सुरुवातीचं शून्य उडून जातं.

वाढदिवसांचा प्रश्न महाराष्ट्रात जरा वेगळा आहे. मागच्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावली. कागदपत्रांवरून तारखा भरल्या की त्या एका दिवशी वाढदिवसांची रांग लागते. पॉलिसीसाठी कागदावरचीच तारीख लागते, पण शुभेच्छांसाठी खरी तारीख विचारून घेऊन वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि H चं सूत्र त्या रकान्याला जोडावं. खरं वर्ष माहीत नसेल तर १९०४ लिहावं. ते लीप वर्ष असल्याने २९ फेब्रुवारीही चालते आणि वर्ष खोटं आहे हे पाहताक्षणी कळतं. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचा वाढदिवस हे सूत्र इतर वर्षी २८ ला दाखवतं. तिथीने वाढदिवस करणाऱ्यांची तारीख मात्र सूत्राने निघत नाही. नवं पंचांग हाती आलं की ती दरवर्षी हाताने भरावी लागते.

प्रतिनिधीच्या कामात आणखी एक तारीख मोलाची असते. बऱ्याच विमा योजनांत वय जवळच्या वाढदिवसाप्रमाणे धरतात, म्हणजे वाढदिवसाच्या सहा महिने आधीच वय एकाने वाढतं आणि हप्ताही वाढू शकतो. कागदावरच्या जन्मतारखेवरून `=IF(D2="","",EDATE(D2,12*(DATEDIF(D2,TODAY()-1,"Y")+1)-6))` असा एक रकाना जोडला की ही तारीख दिसते. नव्या पॉलिसीची चर्चा करायची तर ती या तारखेच्या आधी, वाढदिवसाला नव्हे.

काय बोलणं झालं, हे दोन ओळींत आणि पुढच्या वेळी उपयोगी पडेल असं लिहावं. ‘चांगलं बोलणं झालं’ यातून तीन महिन्यांनी काहीच कळत नाही; ‘मुलगी बारावी, इंजिनिअरिंगचे फॉर्म भरलेत, शिक्षणासाठी रक्कम बाजूला ठेवायची आहे’ यातून कळतं. आजारपण, घरातले वाद, कर्ज यांबद्दल कोणी विश्वासाने सांगितलेलं असतं, ते या फाइलमध्ये उतरवू नये. कुटुंबापुरती ठेवलेली वाढदिवसांची यादी २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातून वगळलेली आहे. व्यवसायासाठी ठेवलेल्या ग्राहकांच्या यादीला ती सूट नाही. म्हणून `Share` मध्ये `Restricted` हाच पर्याय ठेवावा आणि सहायकाला फाइल द्यायची असेल तर त्याचा ईमेल टाकूनच द्यावी. त्याने काम सोडलं की त्याच दिवशी त्याचं नाव तिथून काढावं.