गुणगुण ऐकू येते, पण पेट्रोल पोचतं का?

इंजेक्शनवाल्या मोटरसायकलची चावी ऑन केली की टाकीतून दोन-तीन सेकंद ‘ऊंऽऽ’ असा बारीक आवाज येतो आणि थांबतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले, बहुतेक मोटरसायकलींचा कार्बोरेटर गेला आणि हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा झाला. टाकीच्या तळाशी पेट्रोलमध्येच बुडालेला विजेचा पंप तेव्हा इंजेक्टरपर्यंतच्या पाइपात दाब तयार करत असतो. गाडी रस्त्यात बंद पडली की मेकॅनिक आधी हाच आवाज ऐकतो. आवाज आला तर ‘पंप ठीक आहे’ म्हणत प्लग आणि इंजेक्टर काढायला घेतो. आवाज जरा मोठा वाटला तर ‘पंप गेलाय, पूर्ण सेट टाकावा लागेल’ म्हणतो आणि काही हजारांचा आकडा सांगतो. दोन्ही निदानं कानानं झालेली असतात. तो आवाज एवढंच सांगतो की मोटरला वीज मिळतेय आणि ती फिरतेय. पेट्रोल किती पुढे सरकतंय, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही.

पंपाखाली एक जाळी असते. पेट्रोल त्या जाळीतून पंपात, तिथून फिल्टरमधून पाइपात आणि पुढे इंजेक्टरला जातं. वाटेत, बहुतेक गाड्यांत टाकीच्या आतच, एक रेग्युलेटर असतो. तो दाब ठरावीक आकड्यावर धरून ठेवतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीतच परत सोडतो. हा आकडा बऱ्याच मोटरसायकलींत ३ बारच्या आसपास असतो. काहींत अडीच, काहींत साडेतीन, त्यामुळे आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय गेजवरच्या आकड्याला अर्थ नाही.

गोम अशी की गाडीच्या ईसीयूला हा दाब दिसत नाही. बहुतेक मोटरसायकलींत इंधनाच्या दाबाचा सेन्सरच नसतो. ईसीयू फक्त इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो आणि दाब बरोबर आहे असं गृहीत धरतो. दाब ३ बारवरून २ वर आला तर तेवढ्याच वेळात साधारण १८ टक्के पेट्रोल कमी पडतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. हळू चालवताना सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडून ती भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र बहुतेक गाड्यांत या सेन्सरचं ऐकलं जात नाही. त्यामुळे गावात गुळगुळीत चालणारी गाडी चढावर झटके खाते, आणि मीटरवरचा पिवळा दिवा बरेचदा लागतही नाही.

आता एक उदाहरण घेऊ. १६० सीसीची, चार पावसाळे उघड्यावर काढलेली गाडी. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर ती तिसऱ्या गिअरलाही ओढेना. मिसिंग सुरू झालं आणि ती बंद पडली. दहा मिनिटं थांबल्यावर पहिल्या सेल्फला चालू झाली आणि पुढे काही अंतर नीट गेली. प्लग नवा, एअर फिल्टर नवा, इंजेक्टर साफ केलेला, तरी दुखणं तेच. पंपाचा आवाज येत होता, फक्त पूर्वीपेक्षा किंचित चिरका. एका गॅरेजनं पंपाचा सेट बदलायला सांगितलं होतं. दुसऱ्या गॅरेजात मल्टिमीटर आणि प्रेशर गेज होतं, म्हणून ही गोष्ट सांगण्यासारखी झाली.

तिथल्या मेकॅनिकनं सगळ्यात आधी, गाडी अडखळायला लागल्याबरोबर, टाकीचं झाकण उघडून पाहिलं. झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल तर पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढायला जड जातं. तसं असतं तर झाकण उघडताच ‘फुस्स’ करून हवा आत शिरली असती आणि गाडी तिथल्या तिथे सुधारली असती. इथे तसं काही झालं नाही. ही तपासणी फुकटची आहे आणि गाडीवाल्यालाही जमते.

मग वीज. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. पंपाचा कपलर काढून त्यात मीटर लावला तर १२ व्होल्टच्या वर दिसतात आणि वायरिंगला क्लीन चिट मिळते. पण मीटर जवळजवळ करंट ओढत नाही. गंजलेल्या पिनेतून किंवा जळक्या रिलेतून मीटरपुरते व्होल्ट आरामात पोचतात. पंप चालू झाला की तिथेच अडतात. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, इंजिन चालू असताना, पंपाच्या दोन वायरींवर मोजायचं. या गाडीत बॅटरीवर १३.९ आणि पंपावर १३.५ व्होल्ट मिळाले. म्हणजे वाटेत ०.४ व्होल्ट गळत होते, ते चालतं. पंपावर साडेअकरा मिळाले असते तर पंपाला हात न लावता आधी अर्थची वायर आणि मग रिले तपासावा लागला असता. व्होल्ट कमी की मोटर हळू फिरते, दाब पडतो आणि चांगला पंप कचऱ्यात जातो.

दाब मोजायला टाकीतून बाहेर येणाऱ्या पाइपाच्या मध्ये टी-जोड घालून गेज लावतात. पाइपात आधीच दाबाखालचं पेट्रोल असतं. त्यामुळे पंपाचा कपलर काढून गाडी स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवायची, बॅटरीचा निगेटिव्ह सोडायचा आणि मगच, जोडावर फडकं धरून पाइप सोडवायचा. हे काम उघड्या जागेवर, थंड इंजिनवर, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवूनच करावं. घरच्या पार्किंगमध्ये नवशिक्यानं करू नये. चावी ऑन केल्यावर काटा २.९ बारवर गेला. इंजिन चालू, तरी २.९. स्टँडवर थ्रॉटल पिळला, काटा हलला नाही.

इथे बहुतेक लोक गेज काढून ठेवतात. दाब आहे, म्हणजे पंप ठीक. पण सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या नळालाही रात्री दोन वाजता चांगला दाब असतो; सकाळी खालच्या सगळ्यांनी नळ सोडले की खरं कळतं. १६० सीसीची गाडी पूर्ण जोरात चढ चढताना ढोबळमानानं तासाला चार लिटर पेट्रोल पिते, म्हणजे १० सेकंदांत ११-१२ मिलिलिटर. न्यूट्रलला उभी असताना त्याच १० सेकंदांत एक मिलिलिटरही लागत नाही. निरोगी पंप याच्या कित्येक पट देतो आणि जास्तीचं रेग्युलेटर टाकीत परत सोडतो. म्हणूनच पंप बराच मरेपर्यंत उभ्या गाडीत त्याचं दुखणं दिसत नाही. मोजायचा असतो तो प्रवाह.

त्यानं पंपाच्या तोंडाला पाइप लावून तो मापाच्या डब्यात सोडला आणि रिलेच्या जागी जोडवायर घालून पंप सलग चालवला. ठिणगीची भीती असते म्हणून ही जोडणी टाकीपासून लांब करायची. पहिल्या १० सेकंदांत भरपूर पेट्रोल आलं, ९० मिलिलिटरच्या घरात. दुसऱ्या १० सेकंदांत निम्म्याच्या खाली. तिसऱ्यात धार तुटली, बुडबुडे यायला लागले, आवाज आणखी चिरका झाला आणि डब्यात जेमतेम आठ मिलिलिटर पडलं. चढावर लागणाऱ्या पेट्रोलपेक्षाही कमी. पंप बंद करून पाच मिनिटं थांबले, परत चालवला, पुन्हा पहिल्या धारेला जोर.

या एका वागण्यात सगळं निदान आहे. पंप म्हातारा झाला असता तर पहिल्यापासूनच कमी दिलं असतं. इथे पंप ओढत होता तसा कचरा जाळीवर चिकटत होता, आणि बंद झाला की सुटून खाली पडत होता. दहा मिनिटं थांबल्यावर गाडी ‘बरी’ व्हायची ती यामुळे. चिरका आवाज होता तो तुंबलेल्या जाळीमागे पेट्रोलऐवजी फेस ओढणाऱ्या पंपाचा. अँपिअर मोजायचा क्लॅम्प असेल तर हा फरक तिथेही दिसतो. जाळी तुंबली तर पंपावरचा भार हलका होऊन करंट थोडा उतरतो. पंपाच्या पुढचा फिल्टर तुंबला तर पंप भिंतीवर ढकलत राहतो आणि करंट वाढतो.

आवाजाचे बाकी प्रकार थोडक्यात. अजिबात आवाज नसेल तर आधी किल स्विच आणि फ्यूज बघावा. जड, अडकलेली घरघर येऊन फ्यूज उडत असेल तर पंप आतून जाम झालाय; महिनोन् महिने उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकट थर बसून हे होतं. मोकळा, उंच सूर आणि दाब शून्याजवळ, असं असेल तर टाकीच्या आतली छोटी रबरी नळी फाटलेली किंवा निसटलेली असू शकते. पंप पेट्रोल टाकीतच फिरवत बसतो. सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो पण चावी तीन वेळा ऑन-ऑफ केली की लगेच चालू होते, अशा गाडीत पंप चांगला असतो. बंद केल्यावर दाब कुठेतरी गळून जातो, वाल्व्हमधून नाहीतर टपकणाऱ्या इंजेक्टरमधून.

आपल्या गाडीचा पंप बाहेर काढला तेव्हा जाळी चहाच्या गाळणीसारखी तपकिरी, बुळबुळीत होती. टाकीतलं तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं, तर खाली वेगळा थर दिसला. साध्या पेट्रोलमध्ये तळाशी नुसतं पाणी बसतं. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून जातं. जास्त झालं की ते इथेनॉललाही घेऊन खाली बसतं, आणि पंप नेमका तिथूनच ओढतो. जाळी सुटी मिळाली, म्हणून पूर्ण सेट घ्यावा लागला नाही. प्रत्येक मॉडेलमध्ये ती सुटी मिळतेच असं नाही. पंपाखालची रबरी रिंग मात्र नवीच लागते. जुनी पेट्रोलमध्ये फुगलेली असते, परत खाचेत बसत नाही, आणि जबरदस्तीनं बसवली तर टाकी गळायला लागते. टाकी धुतली, जाळी बदलली, तोच पंप परत बसवला. पुन्हा ३० सेकंद चालवल्यावर तिसऱ्या १० सेकंदांची धार पहिल्याइतकीच जाड होती आणि आवाजातला चिरकेपणा गेला होता.

राहिला प्रश्न पाणी आलं कुठून याचा. टाकीच्या झाकणाच्या कडेला, खोलगट भागात, पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. तिथून एक नळी गाडीच्या खालपर्यंत उतरते. या गाडीत ती चिखलानं बंद झाली होती. प्रत्येक पावसात झाकणाभोवती डबकं साचत होतं आणि झाकण उघडलं की ते आत सांडत होतं. मेकॅनिकनं भोकात बारीक वायर घातली, हवा मारली आणि वरून पेलाभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय का ते पाहिलं.