विंचू, प्राझोसिन आणि उजवीकडे सरकलेला कर्व्ह

डी.फार्मच्या पेपरात ‘अँटॅगोनिस्टचा डोस-रिस्पॉन्स कर्व्ह काढा’ असं आलं की बरेच जण कर्व्ह सरळ खाली उतरवून मोकळे होतात. तुम्हीही? मग आधी कोकणातल्या लाल विंचवाकडे चला.

हा विंचू चावला की त्याचं विष शरीरातच नॉरॲड्रिनलिनचा पूर आणतं. नॉरॲड्रिनलिन म्हणजे ॲगोनिस्ट. ते रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर बसतं आणि रिसेप्टर चालू करतं. वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, बीपी चढतं, हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरू शकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन वापरलं आणि ते काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

प्राझोसिन काय करतं? केएमटीतली सीट आठवा. ॲगोनिस्ट बसतो आणि बेल वाजवतो. अँटॅगोनिस्ट नुसता बसतो, बेलला हातही लावत नाही. त्यामुळे एकट्या अँटॅगोनिस्टचा कर्व्ह खाली उतरत नाही, तो शून्यावर आडवा राहतो. त्याचं काम दिसतं ते ॲगोनिस्टच्या कर्व्हवर.

वही घ्या. आडव्या अक्षावर नॉरॲड्रिनलिनची मात्रा १, १०, १००, १००० अशी दहापटीने, उभ्या अक्षावर आकुंचन टक्क्यांत. धरा, १० युनिटला निम्मा परिणाम मिळतो. मग १ युनिटला साधारण ९ टक्के आणि १०० ला ९१ टक्के. बिंदू जोडा, इंग्रजी ‘एस’सारखा आकार येईल. आता निम्म्या परिणामासाठी दहापट मात्रा लागेल इतकं प्राझोसिन घाला. १० युनिटला ९ टक्केच, ५० टक्क्यांसाठी १०० युनिट, ९१ टक्क्यांसाठी १०००. आकार तोच, उंची तीच, फक्त सगळा कर्व्ह उजवीकडे. कारण दोघंही सीटवरून उठतात-बसतात, आणि गर्दी ज्याची जास्त त्याला सीट जास्त. याला म्हणतात कॉम्पिटिटिव्ह अँटॅगोनिझम.

उंची कमी होते ती फिनॉक्सिबेन्झामिनसारख्या औषधाने. ते रिसेप्टरला कायमचं चिकटतं, मग कितीही नॉरॲड्रिनलिन ओता, सीटच कमी! पेपरात खाली आणायचा कर्व्ह तो हा.

आता पेशंटकडे या. विषामुळे नॉरॲड्रिनलिन येतच राहिलं तर गर्दीचं पारडं पुन्हा फिरू शकतं, म्हणून प्राझोसिनचा डोस परत द्यावा लागतो. किती वेळा, हे डॉक्टर पाहतात ते गार हातपाय गरम होताहेत का यावरून. उलट बाजूही आहे: पहिल्या डोसनंतर बीपी एकदम पडू शकतं, म्हणून पेशंटला आडवं ठेवतात, उठून चालू देत नाहीत.

आणि एक. प्राझोसिन विषाला हात लावत नाही, ते फक्त सीट अडवतं. विषाला थेट बांधून ठेवतं ते अँटिव्हेनम. त्याचा रिसेप्टरशी संबंधच नाही, त्यामुळे ‘अँटी’ दिसलं म्हणून त्याला रिसेप्टर अँटॅगोनिस्ट लिहू नका.