रेडच्या पेटीतल्या चार डिस्क

लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत किंवा सीएच्या ऑफिसात हल्ली चार कप्प्यांची एक काळी पेटी दिसते. कप्प्यांत हार्ड डिस्क बसवायच्या, पेटी नेटवर्कला जोडायची आणि सगळ्यांनी कामाच्या फाइल तिच्यावर ठेवायच्या. विकणारा सांगतो, ‘यात रेड आहे. डेटाची काळजी सोडा.’ यातलं पहिलं वाक्य खरं असतं.

रेडची कल्पना १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र चालवायच्या. पण डिस्क वाढल्या की त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते, म्हणून थोडी जागा त्या बिघाडासाठी राखून ठेवायची. किती जागा राखायची आणि कशी, यावरून रेडचे प्रकार पडतात.

समजा, पेटीत आठ-आठ टीबीच्या चार डिस्क आहेत. ‘रेड ०’ निवडलं तर प्रत्येक फाइलचे तुकडे चारही डिस्कवर पसरतात. चौघी एकदम काम करतात, त्यामुळे वेग भरपूर, आणि जागा पूर्ण ३२ टीबी. मात्र एक डिस्क गेली की सगळंच गेलं. ‘रेड १०’मध्ये डिस्कच्या दोन जोड्या असतात आणि जोडीतली दुसरी पहिलीची हुबेहूब प्रत. जागा निम्मी, १६ टीबी; पण लिहिणं चपळ, आणि एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. दुसरी गेली तर? ती दुसऱ्या जोडीतली असेल तर निभावतं, त्याच जोडीतली असेल तर नाही.

बहुतेक लोकांचा डोळा असतो ‘रेड ५’वर, कारण त्यात २४ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेलेली चालते. प्रत नसताना गेलेला डेटा परत येतो कसा? समजा, तीन डिस्कवर एकाच ठिकाणी १, ० आणि १ लिहिलंय. चौथीवर असा आकडा लिहायचा की एकूण एक सम संख्येत यावेत. इथे एक आधीच दोन आहेत, म्हणून ०. याला पॅरिटी म्हणतात. आता मधली डिस्क गेली. उरलं १, १ आणि पॅरिटीचा ०. एक आधीच सम, तेव्हा हरवलेला आकडा ० असणार. बाकी हाच हिशेब, अब्जावधी वेळा. (पॅरिटी प्रत्यक्षात एकाच डिस्कवर न ठेवता चौघींत वाटलेली असते.) याची किंमत लिहिताना मोजावी लागते: छोटासा बदल करायचा तरी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायच्या. एका कामाची चार कामं. मोठ्या व्हिडिओ फाइलना याचा फारसा त्रास नाही. सतत बारीक नोंदी करणाऱ्या डेटाबेसला होतो.

खरी परीक्षा डिस्क गेल्यावर सुरू होते. लिनक्सवर `cat /proc/mdstat` या आज्ञेने असं दिसतं:

```
[4/3] [UUU_]
```

चारपैकी तीन चालू, शेवटची गायब. फाइल उघडतात, म्हणून कित्येक ठिकाणी हे आठवडेच्या आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही. पेटीला ईमेल पाठवायला सांगून ठेवणं म्हणूनच गरजेचं. नवी डिस्क घातली की ती भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १८० एमबी धरले तरी आठ टीबीला बारा तास, आणि रोजचं काम चालू असेल तर याहून बरेच जास्त. त्या काळात पाठीशी काही नसतं. त्यात चारही डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, म्हणजे सारख्याच झिजलेल्या. वर्षभर कुणी न वाचलेला एखादा खराब भाग नेमका आताच समोर येतो. म्हणून मोठ्या डिस्कसाठी माझं मत ‘रेड ६’ला: पॅरिटीचे दोन हिशेब, जागा १६ टीबी, लिहिणं आणखी संथ, पण कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत.

आता वेगळी वेळ. चारही डिस्क ठणठणीत आहेत, आणि स्टुडिओतल्या पोराने चुकून ‘पाटील लग्न’ हे फोल्डर उडवलं. रेडने आपलं काम चोख केलं: फोल्डर सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी गेलं. रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलची पॅरिटीही अगदी बरोबर निघते. वीज उसळून पेटीच जळाली किंवा चोरीला गेली, तर चार काय, आठ डिस्क असल्या तरी त्या एकाच पेटीत होत्या. डिस्क बंद पडणं, एवढ्या एकाच संकटावर रेडचा इलाज चालतो. कालची फाइल आज मागितली तर ती त्याच्याकडे नसते.

कालची फाइल असते बॅकअपमध्ये. त्यासाठी रात्री प्रत घेऊन काढून ठेवलेली बाहेरची डिस्क लागते, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या जागी, घरी किंवा क्लाउडवर. त्या प्रतीत जुन्या तारखांच्या आवृत्त्याही हव्यात. नाहीतर उडवलेलं फोल्डर रात्री तिथूनही उडतं आणि सकाळी दोन्हीकडे रिकामी जागा. बॅकअप चालतोय का, हे तपासायचं तर महिन्यातून एकदा जुनं एखादं लग्न निवडावं, त्याचे फोटो बाहेरच्या डिस्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवावेत आणि उघडून बघावेत.