जमाखर्चाची वही : आगाऊ भाडं आणि डिपॉझिट, मालकाच्या बाजूने

मागच्या आठवड्यात उधारीच्या नोंदी पाहिल्या. तिथे माल जातो आणि पैसे मागाहून येतात. आज नेमकी उलटी परिस्थिती घेऊ. पैसे आधी हातात पडतात आणि ते कमवायचे असतात पुढच्या काही महिन्यांत.

साताऱ्यात स्टेशनरीचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंचा शेजारचा गाळाही त्यांच्याच मालकीचा आहे, असं धरू. तो त्यांनी चष्म्याच्या दुकानाला अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला. मुदत 1 डिसेंबर 2025 ते 31 ऑक्टोबर 2026. भाडं महिना 20,000 रुपये. पहिल्या सहा महिन्यांचं भाडं एकदम आगाऊ, आणि तीन महिन्यांच्या भाड्याइतकं, म्हणजे 60,000 रुपये डिपॉझिट. भाडेकरूने 1 डिसेंबरला दोन्ही मिळून 1,80,000 रुपये एकाच वेळी बाईंच्या खात्यात टाकले.

बँकेच्या पासबुकात ही एकच ओळ दिसते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक ओळ दिसली की वहीतही एकच नोंद करायचा मोह होतो: बँक नावे, भाडे उत्पन्न जमा, 1,80,000. अशा वह्या मी भरपूर पाहिल्या आहेत. डिसेंबर महिना एकदम श्रीमंत दिसतो, पुढचे पाच महिने गाळा रिकामा पडल्यासारखे दिसतात, आणि जी रक्कम परत द्यायची आहे तिचा वहीत कुठे मागमूसच नसतो.

खरं तर 1 डिसेंबरच्या सकाळी बाईंनी एक रुपयाही कमावलेला नाही. गाळ्याचा ताबा द्यायचा आहे आणि सहा महिने तो वापरू द्यायचा आहे. तोवर हे 1,20,000 म्हणजे त्यांच्यावरची जबाबदारी. उद्या करार मोडला तर न वापरलेल्या महिन्यांचे पैसे भाडेकरू मागणारच. डिपॉझिटचे 60,000 हीसुद्धा जबाबदारीच, पण वेगळ्या जातीची. आगाऊ भाडं दर महिन्याला झिजत जातं आणि उत्पन्न होतं. डिपॉझिट झिजत नाही. ते करार संपेपर्यंत जागचं हलत नाही आणि शेवटी परत जातं. म्हणून खाती दोन लागतात आणि पहिली नोंद अशी होते:

1 डिसेंबर 2025
बँक खाते … नावे 1,80,000
आगाऊ भाडे खाते … जमा 1,20,000
अनामत (डिपॉझिट) खाते … जमा 60,000
(गाळ्याचे डिसेंबर ते मे सहा महिन्यांचे भाडे आगाऊ व डिपॉझिट मिळाल्याबद्दल)

कंसातला तपशील आळस न करता लिहावा. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचं भाडं, हे तिथे नसेल तर चार महिन्यांनी मालकालाच आठवत नाही.

आता दर महिनाअखेरीची नोंद. महिना सरला, गाळा वापरून झाला, तेवढं भाडं कमावलं. बँकेत काहीच हालचाल नाही, त्यामुळे या नोंदीत बँक येत नाही:

31 डिसेंबर 2025
आगाऊ भाडे खाते … नावे 20,000
भाडे उत्पन्न खाते … जमा 20,000

हीच नोंद जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांच्या शेवटी. आगाऊ भाड्याची शिल्लक डिसेंबरअखेर 1,00,000, जानेवारीअखेर 80,000, फेब्रुवारीअखेर 60,000, मार्चअखेर 40,000 अशी उतरत मेअखेर शून्यावर येते. तपासायला यातून एक सोपी खूण मिळते. कुठल्याही महिन्याच्या शेवटी या खात्याच्या शिलकेला 20,000 ने भागा. येणारा आकडा म्हणजे भाडं भरून झालेले पण वापरायचे राहिलेले महिने. कॅलेंडरशी तो जुळला नाही तर एखाद्या महिन्याची नोंद सुटली आहे किंवा दोनदा झाली आहे. अनामत खात्याची तपासणी याहून सोपी. तिथे सहाही महिने 60,000 च दिसायला हवेत. दर महिन्याला डिपॉझिटमधूनही थोडं थोडं उत्पन्नात घेणारे महाभाग असतात. या खात्यावर दुसरी ओळ दिसली की समजावं, हात तिकडे गेला आहे.

31 मार्चला वर्षाचा हिशोब बंद होतो तेव्हा या सगळ्याचा उपयोग दिसतो. नफातोटा पत्रकात चार महिन्यांचं भाडं येतं, 80,000. ताळेबंदात देण्यांच्या बाजूला आगाऊ भाडं 40,000 आणि डिपॉझिट 60,000. मिळाले 1,80,000, त्यातले 80,000 कमावले, एक लाख अजून देण्यात उभे. एप्रिल-मेचं भाडं पुढच्या वर्षाच्या उत्पन्नात जाईल. आयकराच्या हिशोबातही इमारतीच्या भाड्याचं उत्पन्न त्या त्या वर्षाचं म्हणूनच मोजतात, त्यामुळे वहीतली ही विभागणी विवरणपत्र भरतानाही कामी येते. डिपॉझिट तर परत करायचं असल्याने उत्पन्नात येतच नाही.

शाळा-कॉलेजच्या पुस्तकात याची दुसरीही रीत शिकवतात. भाडं आलं तेव्हाच सगळे 1,20,000 उत्पन्नात जमा करायचे आणि 31 मार्चला एकच समायोजन नोंद करून पुढच्या वर्षाचे 40,000 उत्पन्नातून काढून आगाऊ भाड्यात टाकायचे. वर्षअखेरचं उत्तर दोन्हीकडे तेच येतं. मला ही रीत छोट्या मालकासाठी आवडत नाही. एक तर मधल्या महिन्यांचे आकडे निरर्थक होतात. दुसरं म्हणजे 1 एप्रिलला ती नोंद उलटी फिरवायची असते, आणि ती हमखास राहते. मग नव्या वर्षात एप्रिल-मेचं उत्पन्न दिसतच नाही आणि ताळेबंदात ते 40,000 वर्षानुवर्षं पडून राहतात.

संगणकावर हिशोब ठेवणाऱ्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवतो. टॅलीत नवं खातं उघडताना गट विचारला जातो आणि यादीत `Deposits (Asset)` असा तयार गट समोर असतो. डिपॉझिट म्हटल्यावर माणूस तोच निवडतो. पण तो गट भाडेकरूचा. त्याच्या दृष्टीने डिपॉझिट हे येणं आहे, मालमत्ता आहे. मालकाच्या वहीत ही दोन्ही खाती `Current Liabilities` खाली उघडायची. चुकीच्या गटात टाकलं तरी नोंद बरोबर बसते, तेरीजही जुळते, म्हणून चूक लवकर सापडत नाही. ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला उणे 60,000 दिसले की ती हीच चूक असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

भाडं मोठं असेल तर टीडीएस मध्ये येतो. बाईंचं भाडं कमी असल्याने त्यांना तो लागत नाही. 1 एप्रिल 2025 पासून भाड्यावरच्या कपातीची मर्यादा महिन्याला 50,000 रुपये आहे. समजा भाडं 60,000 असतं आणि भाडेकरू एखादी कंपनी असती. सहा महिन्यांचे 3,60,000 देतानाच तिने 10 टक्के, म्हणजे 36,000 कापले असते. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर कपात नाही. मग बँक नावे 3,24,000, टीडीएस येणे नावे 36,000 आणि आगाऊ भाडे जमा 3,60,000. म्हणजे आगाऊ भाड्यात पूर्ण रक्कम, कापून आलेली नव्हे. पेच पुढे आहे. कर खात्याच्या नोंदीत त्या वर्षी 3,60,000 दिसतात आणि आपण उत्पन्न दाखवतो 2,40,000. अशा वेळी कापलेल्या करातलं 24,000 चंच श्रेय त्या वर्षी घ्यायचं आणि उरलेले 12,000 पुढच्या वर्षाकडे ओढायचे. ज्या वर्षी उत्पन्न, त्या वर्षी त्यावरच्या कपातीचं श्रेय, असा नियम आहे. फरकाबद्दल विचारणा आली तर महिनावार नोंदी हेच आपलं उत्तर.

परत साताऱ्यात येऊ. जूनपासून भाडेकरूने महिन्याच्या महिन्याला भाडं द्यायचं आहे. ते आलं की बँक नावे, भाडे उत्पन्न जमा, इतकं साधं. पण जूनचं भाडं आलं नसताना सवयीने जूनअखेरही जुनीच नोंद केली तर आगाऊ भाड्याचं खातं नावे बाजूला 20,000 दाखवू लागेल. शून्याच्या पलीकडे गेलेलं हे खातं सांगतं की आता आगाऊ काही उरलेलं नाही, उलट भाडेकरूकडूनच येणं आहे. ती रक्कम ‘भाडे येणे’ या खात्यात हवी.

डिपॉझिटचे 60,000 एव्हाना बाईंच्या धंद्यात वापरले गेले असतील. त्याला हरकत नाही, पण देणं तसंच राहतं. ते मुदत ठेवीत ठेवले तर व्याज बाईंचं उत्पन्न. बिनव्याजी डिपॉझिटचा फायदा सरकारही ओळखून आहे: महाराष्ट्रात अशा कराराचं मुद्रांक शुल्क काढताना भाड्याच्या बेरजेत डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के दराचं व्याज मिळवून त्या एकूण रकमेवर 0.25 टक्के आकारतात. इथे 60,000 वर वर्षाला 6,000 धरले जातात. मूळ 60,000 तिथेही भाडं म्हणून मोजले जात नाहीत.

आता शेवट, जो बहुतेक गाळ्यांच्या बाबतीत असाच होतो. ऑक्टोबरचं भाडं भाडेकरू देत नाही. “डिपॉझिटमधून वळतं करून घ्या” म्हणतो. वीजबिलाचे 2,300 थकले आहेत. शटर आणि एक काच त्याच्याकडून मोडली आहे, दुरुस्तीला 5,700 लागले आणि ते बाईंनी भरून दुरुस्ती खर्चात टाकले आहेत. आधी ऑक्टोबरचं भाडं उत्पन्नात घ्यायचं: भाडे येणे नावे 20,000, भाडे उत्पन्न जमा 20,000. ही पायरी गाळून डिपॉझिट थेट उत्पन्नात ओढलं तर आकडा जुळेल, पण भाडेकरूने ऑक्टोबर थकवला होता हे वहीतून पुसलं जाईल, आणि वाद झाला तर नेमकं तेच दाखवायचं असतं. मग हिशोब मिटवायचा:

31 ऑक्टोबर 2026
अनामत (डिपॉझिट) खाते … नावे 60,000
भाडे येणे खाते … जमा 20,000
वीजबिल देणे खाते … जमा 2,300
दुरुस्ती खर्च खाते … जमा 5,700
बँक खाते … जमा 32,000
(गाळा रिकामा केल्यावर डिपॉझिटचा हिशोब मिटवून उरलेली रक्कम परत दिल्याबद्दल)

दुरुस्ती खर्च इथे जमा केल्याने बाईंच्या माथी आलेला खर्च शून्य होतो, कारण तो भाडेकरूने सोसला. वीजबिल बाईंनी महावितरणला भरलं की ते देणंही फिटेल. वजावटीच्या दोन्ही बिलांची प्रत आणि या हिशोबाचा कागद भाडेकरूची सही घेऊन फाइलला लावावा. सहीला तो तयार नसेल तर वादातली रक्कम अनामत खात्यातच उभी ठेवायची. निकाल लागेपर्यंत ती ना उत्पन्नात घ्यायची, ना खर्चातून वजा करायची.

पुढच्या आठवड्यात हाच व्यवहार चष्म्याच्या दुकानदाराच्या वहीतून पाहू. तिथे हेच 1,20,000 आगाऊ दिलेला खर्च म्हणून उभे राहतात.