ई-मेलचा मायना आणि अडकलेले बिल

आपल्या वाडवडिलांना पत्राचा मायना नीट ठाऊक असे. वडिलांना ‘तीर्थरूप’, बरोबरीच्या माणसास ‘स. न. वि. वि.’ आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. उर्दूत लिहिणारे ‘बाद सलाम के अर्ज है’ अशी सुरुवात करीत. कोणास काय लिहायचे याबाबत घोळ नव्हता. आता नाशिकच्या सातपूर-अंबड वसाहतीत जॉबवर्क करणारा आपला कारागीर असो की सुतारकाम, पॅकिंगचा व्यवसाय करणारा असो, कंपनीशी त्याचा व्यवहार ई-मेलवर चालतो आणि मायना मात्र कोणी शिकवलेला नाही. बहुतेक जण ‘डिअर सर’ने सुरू करतात, ‘रिगार्ड्स’वर संपवतात आणि मधला मजकूर काळजीने लिहितात. परंतु समोरचा माणूस मजकुरावर येण्याआधी वरची ओळ वाचतो आणि लिहिणाऱ्याचा नूर तिच्यावरून ठरवतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘डिअर सर’ हा शब्द स्वतः थंड नाही आणि ‘नमस्कार साहेब’ हा स्वतः उबदार नाही. वाचणारा त्याची तुलना आपल्या मागच्या ई-मेलशी करतो. काल ‘नमस्कार जोशी साहेब’ लिहिणाऱ्याने आज ‘डिअर सर’ लिहिले, तर जोशी साहेबांना लगेच वाटते की काहीतरी बिनसले आहे. मजकूर कितीही अदबीचा असला तरी.

उदाहरणच घेऊ. समजा, अंबडमधील एका फॅब्रिकेशनवाल्याने कंपनीला लोखंडी रॅक दिले. बिल ८६,००० रुपयांचे, मुदत ३० दिवसांची. खरेदी विभागातील जोशी साहेबांशी त्याची दोन वर्षांची ओळख, चहापाणी झालेले. मुदत उलटून तीन दिवस झाले आणि त्याने ई-मेल पाठवला : ‘डिअर सर, पेमेंट ओव्हरड्यू आहे, ताबडतोब करावे. युवर्स फेथफुली.’ यात चुकीचा शब्द एकही नाही. इंग्रजी रिवाजानुसार ‘डिअर सर’खाली ‘युवर्स फेथफुली’च येते आणि नाव घेऊन लिहिले तर ‘युवर्स सिन्सिअरली’. पण ही जोडी अनोळखी माणसासाठी आहे. ओळखीच्या माणसाला ती नोटिशीसारखी लागते. जोशी साहेब तो ई-मेल एका शब्दाचीही भर न घालता अकाउंट्सकडे ढकलतील. बिल रांगेत जाऊन बसेल. एरवी त्यांनी फोन उचलून दोन शब्द सांगितले असते.

तोच ई-मेल असा लिहून पाहा : ‘नमस्कार जोशी साहेब, रॅकच्या बिलाची मुदत परवा संपली. बिल नंबर व रक्कम खाली दिली आहे. पेमेंट कोणत्या तारखेस धरावे, एवढे कळवावे. धन्यवाद.’ खाली नाव आणि मोबाइल नंबर. मागणी तीच आहे. फरक इतकाच की वर माणसाचे नाव आहे आणि खाली आभार आहेत.

दुसरी आठवण आठवड्याने. तेव्हाही मायना तोच ठेवावा आणि बदल फक्त मजकुरात करावा : ‘मागच्या सोमवारी लिहिले होते, उत्तर आले नाही.’ पुष्कळ जण येथेच घाई करून थंड होतात आणि मग तिसऱ्या वेळी चढायला पायरीच उरत नाही. थंडपणा हे हत्यार आहे, ते एकदाच उपसावे. माल स्वीकारल्याला ४५ दिवस उलटले की तिसऱ्या पत्रात ‘मा. खरेदी व्यवस्थापक’ असा औपचारिक मायना घालावा, शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहावे आणि मध्ये २००६ च्या लघुउद्योग कायद्याचा उल्लेख करावा. या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. (हे संरक्षण माल बनवणाऱ्यास व सेवा देणाऱ्यास आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये.) दोन वेळा ‘जोशी साहेब’ वाचलेल्या माणसाला हा बदललेला मायना बरोबर बोचतो.

शेवटच्या आभारांचा हिशेबही कोणी केला आहे. बूमरँग या अमेरिकन कंपनीने २०१७ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक ई-मेल संवाद तपासले. शेवटी आभार मानलेल्या ई-मेलना ६२ टक्के वेळा उत्तर आले, इतरांना ४६ टक्के. मात्र हे ई-मेल खुल्या चर्चा-गटांतले होते, जेथे पुष्कळसे लोक मदत मागत असतात. उधारीच्या वसुलीला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडे ‘आगाऊ धन्यवाद’ लिहिले तर समोरच्याने होकार दिलाच आहे असे गृहीत धरल्यासारखे होते. साधे ‘धन्यवाद’ बरे.

न्यूझीलंडमध्ये जोन वॉल्डव्होगेल यांनी दोन ठिकाणचे ई-मेल तपासले व २००७ मध्ये निष्कर्ष छापले. एक शिक्षणसंस्था, दुसरा कारखाना. अभिवादन जास्त कोठे असेल? शिकलेल्यांच्या संस्थेत, असे आपण म्हणू. उलटे निघाले. संस्थेत फेरबदलांमुळे माणसे नाराज होती आणि बहुतेक ई-मेल बिनसलामीचे होते. कारखान्यात संबंध मोकळे होते, तेथे दुआसलाम भरपूर होती.

आता सलामाचा प्रश्न, जो आपल्या दुकानदारांत नेहमी निघतो. मालेगावच्या सूतवाल्याला किंवा भिवंडीच्या कापडवाल्याला लिहिताना ‘अस्सलामु अलैकुम’ पूर्ण लिहावे. दोन-तीन अक्षरांत आटोपलेला सलाम बुजुर्ग माणसाला बेपर्वाईचा वाटतो. इतरांना ‘नमस्कार’ हा मराठीतला सर्वांचा शब्द आहे. तो लिहिण्यात आपले काही जात नाही. समोरचा स्वतःहून ‘सलाम’ लिहीत असेल तर त्याच शब्दाने उत्तर द्यावे. आखाती देशांत माल पाठवणारे सरसकट ‘डिअर ब्रदर’ लिहितात. तेथे एक धोका आहे : दुबईच्या कचेरीत तो ई-मेल उघडणारी व्यक्ती केरळची किंवा फिलिपाइन्सची बाई असू शकते. नाव पाहून लिहावे.

समोरच्याचा मायना बदलला तर? नेहमी ‘सलीमभाई’ लिहिणाऱ्या कंपनीकडून अचानक ‘डिअर सप्लायर’ आले की धडकी भरते. आधी तो ई-मेल फक्त आपल्याला आहे की सर्व पुरवठादारांना, ते पाहावे. मजकुरात आपल्या मालाचा, बिलाचा उल्लेख नसेल तर तो सर्वांना धाडलेला छापील ई-मेल असण्याचा संभव जास्त. साहेबांचे वरिष्ठ प्रतीमध्ये असतील तरी मायना ताठ होतो, त्यात राग नसतो. अशा वेळी आपणही ‘जोशीभाऊ’ सोडून ‘जोशी साहेब’ लिहावे. पण पत्र फक्त आपल्या नावे आहे, वरिष्ठ प्रतीत नाहीत आणि तरीही नाव गेले आहे, तर ई-मेलने उत्तर देत बसू नये. फोन करावा.

आणखी एक खबरदारी. पुष्कळांच्या ई-मेलखाली ‘वॉर्म रिगार्ड्स’ आपोआप उमटते. तक्रारीच्या पत्राखाली ते टोमण्यासारखे दिसते. सेटिंगमध्ये जाऊन तेथे फक्त नाव, दुकानाचा पत्ता आणि मोबाइल नंबर ठेवावा. निरोपाची ओळ दर वेळी हाताने लिहावी.