कडेला उभा तो कोण?

अंतरपाट नुकताच दूर झालाय, हार घालून घ्यायला नवरदेव जरासा वाकलाय, अक्षता अजून हवेत आहेत. भाचीच्या लग्नातला हा फोटो घरात सगळ्यांना आवडला. फक्त कडेला एक गृहस्थ मोबाइल कानाला लावून उभे. भाचीने फोटोग्राफरला एका ओळीचा ईमेल केला: ‘हार घालतानाच्या फोटोतला उजवीकडचा माणूस काढा.’ चार दिवसांनी फोटो आला. गृहस्थ जागेवरच होते, नवरदेवाची आत्या गेली होती.

हार घालतानाचे फोटो अकरा होते आणि ‘उजवीकडे’ म्हणजे बघणाऱ्याच्या की जोडप्याच्या, हे फोटोग्राफरने आपल्या अंदाजाने ठरवलं. दुसरा ईमेल आम्ही बसून लिहिला:

‘नमस्कार दादा, फाइल DSC_4312. फोटोकडे बघताना आपल्या उजव्या हाताला, मोबाइलवर बोलणारे निळ्या शर्टातले गृहस्थ क्रॉप करून काढावेत. डावीकडच्या आत्या राहू द्या. अल्बममध्ये हा १२ बाय १८ इंची छापायचा आहे. मूळ फाइल तशीच ठेवा. खुणा केलेला फोटो सोबत जोडलाय.’

छपाईचं माप मुद्दाम लिहिलं. आमचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे रुंदी उंचीच्या दीडपट. १२ बाय १८चा कागदही त्याच प्रमाणातला. गृहस्थांनी उजवीकडचे ९०० पिक्सेल अडवले होते. ते कापले की रुंदी ५१०० उरते आणि प्रमाण राखायला उंचीही ३४०० वर आणावी लागते. हे ६०० पिक्सेल वरून घेतले तर मंडपाची फुलं जातात, खालून घेतले तर पावलं. आम्ही फुलं सोडली. छपाईत इंचाला साधारण ३०० पिक्सेल असावेत असं मानतात; इथे २८३ पडले, डोळ्याला फरक कळत नाही. मात्र हे गणित मूळ फाइलचं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत बारीक झालेली असते. ती खुणा दाखवायला ठीक, छापायला नाही.

गृहस्थांचा खांदा नवरदेवाच्या फेट्याआड असता, तर मात्र कापून भागलं नसतं. मग माणूस पुसून त्याच्या मागचा पडदा नव्याने भरावा लागतो. ते रिटचिंग, वेळ जास्त लागतो, बहुतेक ठिकाणी पैसेही वेगळे. हात घाईचा असेल तर पडद्याची तीच चुणी दोनदा दिसते, फोटो मोठा करून पाहिलं की सापडते.

आणि हो, ‘अनोळखी’ म्हणण्याआधी व्याह्यांना एक फोन करा. आम्ही केला. ते गृहस्थ त्यांनाही माहीत नव्हते, म्हणून निभावलं. सगळी विचारपूस अल्बमच्या डिझाइनला होकार देण्याआधी उरका. पानं एकदा छापून बांधली की त्या एका फोटोसाठी अख्खं पान नव्याने करावं लागतं.