करूळ घाटात लुकलुकणारा लाल दिवा

नवीन चालक मित्रांनो,

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की गाडी थांबवायची, पिवळा लागला की लवकर गॅरेज गाठायचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला सांगायचंय ते वर्तुळातल्या लाल उद्गारचिन्हाबद्दल.

हँडब्रेक ओढला की हा दिवा लागतो. पण गगनबावड्याहून पिकअप करूळ घाट उतरताना तो मधूनच लुकलुकला आणि वैभववाडीच्या सपाटीला विझला, तर निर्धास्त होऊ नका. उतारावर ब्रेक ऑइल डबीत पुढे सरकतं. ते आधीच कमी असेल तर आतला तरंगता फ्लोट खाली बसतो आणि दिवा पेटतो. सपाटीला थांबून डबीवरची खालची रेष बघा. ऑइल कमी झालं म्हणजे बहुधा पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय. म्हणून नुसतं ऑइल ओतून निघू नका. चाकांची आतली बाजू ओली आहे का पाहा, मला फोन करा. पेडल खोल जात असेल तर गाडी हलवूच नका.

सतत दाबून ब्रेक तापले, तर मात्र हा दिवा लागत नाही. तिथे जळका वास आणि मऊ पडलेलं पेडल हीच खूण. म्हणून घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.

आपला,
वाहन व्यवस्थापक